प्रलंबित अर्ज आपोआप कालबाह्य करावेत का?

तापीकाठ: रजेचा किंवा खर्चाचा जो अर्ज १५ दिवसांत निकाली निघत नाही, तो प्रणालीने आपोआप कालबाह्य ठरवावा. यादी स्वच्छ राहते. ज्याला गरज असेल तो पुन्हा भरेल.

जुना हिशोबनीस, जळगाव: "पुन्हा भरेल" हे आपण फार सहज लिहिलेत. धडगाव दौऱ्याच्या ३,४८० रुपयांचा माझा ४ मार्चचा अर्ज साहेब रजेवर असताना १९ मार्चला कालबाह्य झाला. मला एक ओळही आली नाही. एप्रिलमध्ये चौकशी केली, तर मागील आर्थिक वर्षाची बिले घेणे बंद झाले होते. यादी स्वच्छ झाली खरी, माझा खिसाही झाला.

केळीबाग: यात प्रणालीचा काय दोष? अर्ज दाबून बसणाऱ्या साहेबांचा पगार कापा. शहाद्याला असताना आमचे साहेब सही फक्त सोमवारी, तीही चहानंतर करत.

गुरुजी, धुळे: आमच्या शाळेत कागदी अर्ज असे, तो कोणत्या टेबलावर आहे हे शिपाई तरी सांगत असे. साहेबांच्या चहाचे म्हणाल तर आमच्याकडे...

भुसावळचा प्रोग्रामर: चहा नंतर पाहू. कालबाह्य म्हणजे नामंजूर नव्हे, कारण निर्णय कोणीच घेतलेला नसतो. म्हणून त्याची नोंद वेगळी हवी आणि अडकवून ठेवलेली रजा शिलकीत परत जायला हवी. मुदत अर्ज मंजुरीकर्त्याकडे पोहोचल्यापासून मोजावी आणि तो रजेवर असेल तर अर्ज बदली अधिकाऱ्याकडे जावा. शिवाय अर्ज कालबाह्य करणारे प्रणालीचे रात्रीचे काम चालू असतानाच साहेब मंजुरी देऊ शकतात, म्हणून स्थिती बदलताना अट पुन्हा तपासावी:

```
UPDATE requests SET status='stale'
WHERE id=? AND status='pending';
```

एकही ओळ बदलली नाही तर संदेश पाठवू नये. नाहीतर मंजूर झालेल्या अर्जाचाही "कालबाह्य" म्हणून संदेश जातो.

केळीबाग: एवढा खटाटोप कशाला? सरळ नामंजूर दाखवा, माणूस समजून जातो.

भुसावळचा प्रोग्रामर: काय समजतो? साहेबांनी नाकारले असे समजून तो गप्प बसतो. उलट काहीच कळले नाही, तर रजा मिळालीच असे धरून गावी जातो आणि बिनपगारी ठरतो. संदेश असा हवा: "आपल्या १२ ते १४ मे च्या रजेच्या अर्जावर मुदतीत निर्णय झाला नाही, म्हणून तो बंद केला आहे. तो नामंजूर झालेला नाही, परंतु रजा मंजूरही नाही. ३ दिवस शिलकीत परत जमा झाले आहेत. जुनीच माहिती पुन्हा पाठवण्यासाठी येथे दाबा." खर्चाच्या बाबतीत मूळ तारीख कायम राहिली पाहिजे, नाहीतर हिशोबनीसांचे झाले तेच होईल.

तापीकाठ: ठीक आहे, संदेशाचे मान्य. मूळ तारखेचे मात्र मान्य नाही. वर्ष बंद झाल्यावर जुनी तारीख लेखा विभाग स्वीकारणार आहे का?

जुना हिशोबनीस, जळगाव: मीच लेखा विभागात होतो, महाशय. माझा अर्ज मीही स्वीकारला नसता. म्हणूनच म्हणतो, मार्चमध्ये मुदत संपण्यापूर्वी मला आणि साहेबांना, दोघांनाही, सूचना यायला हवी होती.

केळीबाग: साहेब ती सोमवारीच वाचतील.