लिलावातली टॅक्सी: २,१८,००० किलोमीटरला घाबरायचं का?

नाशिकचा_नितीन: बँकेनं ओढून आणलेली २०१९ ची डिझायर टूर, कंपनी सीएनजी, लिलावात आहे. मीटर २,१८,०००. घरी वापरायला घ्यावी का? यार्डात चालू करून दाखवतात, चालवू देत नाहीत.

स्पष्टवक्ता: हातही लावू नका. दोन लाखांवर इंजिनात काही उरत नाही. घरगुती, ७० हजार चाललेली बघा.

गॅरेजवाले काका: इंजिनापुरतं हे पटत नाही. टॅक्सीचं इंजिन दिवसभर गरम असतं, आणि झीज जास्त होते ती थंड इंजिन चालू करताना. खरा प्रश्न तासांचा आहे. शहरात सरासरी ताशी २० नं एवढं अंतर म्हणजे जवळपास ११ हजार तास. हायवेला ५० नं साडेचार हजारांच्या आत. मीटर मात्र दोन्हीकडे तोच आकडा दाखवतो.

गाडी कुठे चालली ते अंगावर दिसतं. हायवेची असेल तर पुढची काच आणि बॉनेटची कड खड्यांनी टोचलेली असते. शहरातली असेल तर क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, चारही कोपरे घासलेले आणि मागचं डावं दार उघडताना खाली लोंबतं, कारण गिऱ्हाईक तिथूनच चढतं-उतरतं.

सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय, परत या. थंड असताना पेट्रोलवर चालू करा, मग गॅसवर टाका. गॅसवर अडखळली तर व्हॉल्व्ह बसले असण्याची शंका धरा. ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर आला तर रिंगा गेल्यात.

स्पष्टवक्ता: आणि मीटरच मागे फिरवला असेल तर?

गॅरेजवाले काका: हा मुद्दा बरोबर. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी मागा, प्रत्येक खेपेचं रीडिंग असतं. पण वॉरंटीनंतर बाहेर काम केलं असेल तर तिथून पुढे अंधार.

मृणाल_पुणे: माझा अनुभव उलटा. भाड्यानं स्वतः चालवायला देतात ना, काळ्या पाटीची, तसली घेतली. ६४ हजारच चालली म्हणून भाळले. दोन महिन्यांत क्लच गेला, लिफ्टवर चढवली तर पोटाला सगळीकडे मार. रोज नवा हात, कुणालाच गाडीची माया नाही. एकाच ड्रायव्हरची दोन लाखांची मी डोळे झाकून घेईन.

गॅरेजवाले काका: डोळे झाकून नको, ताई. बुश, शॉकअब्सॉर्बर, क्लच यांचा खर्च बोलीतून वजा करूनच हात वर करायचा.

आरटीओची_चक्कर: कागदांचं कुणीच बोललं नाही. पिवळी पाटी पांढरी करायला परमिट सोडावं लागतं, बँकेचा बोजा उतरवावा लागतो, खासगी टॅक्सचा फरक भरावा लागतो. शिवाय टूरला ताशी ८० चा लिमिटर आहे. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी, प्लेटवरची तारीख बघा.

नाशिकचा_नितीन: दार लोंबतंय, हे खरं. काचेला मात्र खडेही लागलेत. मग कुठली धरायची?

गॅरेजवाले काका: दोन्हीकडची. पेडलचा फोटो टाका, मग सांगतो.