मदत हवी आहे: रंगांध मोड लावला की गेम आणखीच कळेनासा होतो

पाइपवाला:
पाइप जोडून पाणी टाकीपर्यंत न्यायचं, असा एक छोटा कोड्यांचा गेम मी फावल्या वेळात करतोय. मागची पाटी गडद राखाडी (`#333333`), पाइपवर कॉक. उघडा कॉक हिरवा (`#338833`), बंद कॉक लाल (`#CC3333`). चाचणीला बसवलेला माझा एक मित्र रंगांध आहे. पहिल्याच पातळीला तो म्हणाला, "दोन्ही कॉक सारखेच दिसतात, आणि त्यातले काही तर पाटीतच बुडतात."

म्हणून सेटिंगमध्ये "रंगांध मोड" दिला. नेटवर मिळालेला मॅट्रिक्स शेडरमध्ये घालून तो अख्ख्या पडद्यावर लावला. मला त्यात सगळं पिवळट-तपकिरी दिसतं, म्हणजे मोड चालू होतोय. मित्र मात्र म्हणतो, आधी निदान अंदाज तरी यायचा, आता तोही गेला. काय चुकतंय?

शेडरसम्राट:
मॅट्रिक्स चुकीचा उचललाय. तुम्हाला "डाल्टनाइझ" करणारा हवा. लाल-हिरव्यातला हरवलेला फरक तो निळ्याकडे सरकवतो. तीन प्रकारांचे तीन फिल्टर टाका, काम संपलं.

डावखुरा:
बंद कॉक फिरवायला R दाबावं लागतं तोच हा गेम का? माझा उजवा हात माऊसवर नसतो, डावा असतो. R पर्यंत उजवा हात न्यायचा म्हणजे कसरत. ते बटण बदलता येईल का?

पाइपवाला:
@डावखुरा, पुढच्या आवृत्तीत बटणं बदलता येतील. पण इथे प्रश्न रंगाचा आहे हो :)

जुनाखेळाडू:
शेडरसम्राटांचं निदान बरोबर, औषध अर्धवट.

तुमचा मॅट्रिक्स रंगांध माणसाला *कसं दिसतं* ते दाखवणारा आहे. तो आपल्यासारख्यांनी चाचणीसाठी लावायचा असतो. सगळं पिवळट-तपकिरी झालं हीच त्याची खूण. मित्राला आधीच जो फरक दिसत नाही, तो तुम्ही चित्रातूनही पुसून टाकलात. त्याची नजर थोडीच कमजोर असेल, तर उरलासुरला फरकही त्यात गेला.

डाल्टनाइझ फिल्टर लावलात तर कॉक वेगळे दिसतील, पण पाणी, पाटी, बटणं सगळ्यांचेच रंग सरकतील, आणि आज वेगळे दिसणारे दुसरेच दोन रंग एकमेकांजवळ येऊ शकतात. शिवाय आपला प्रकार कोणता हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. ते तीन पर्यायांतून निवडणार काय?

मूळ दुखणं उजळपणात आहे. मी तुमचे आकडे मांडून पाहिले: लाल आणि हिरव्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर जेमतेम 1.15 येतं. म्हणजे रंगछटा काढून घेतली की हाती काही उरतच नाही. पडद्याचा फोटो कृष्णधवल करून बघा, दोन्ही कॉक एकाच राखाडीचे दिसतील. मात्र लाल रंगाबाबत ही चाचणी थोडी फसवते. काही रंगांधांना लाल आपल्यापेक्षा बराच काळपट दिसतो. पाटीत बुडणारे कॉक लालच असतील, तर मित्र बहुधा त्यांतला आहे.

आता उपाय. घरच्या पाइपवर आडव्या दांड्याचा कॉक असतो ना? दांडा पाइपच्या रेषेत असला की उघडा, आडवा असला की बंद. तेच काढा, मग रंग फक्त मदतीला राहील. रंग बदलायचेच तर उघड्याला पिवळा `#F0E442` आणि बंदला निळा `#0072B2`, गुणोत्तर 3.9 होतं. हा निळा तुमच्या पाटीवर जरा दबतो, त्याला पांढरी कड द्या. आणि हे मोडमध्ये दडवू नका, सगळ्यांनाच तसं दिसू दे.

कमीऐकू:
माझा अनुभव जोडते. मला ऐकू कमी येतं, म्हणून मी सबटायटलवर खेळते. एका गेममध्ये कोण बोलतंय ते फक्त अक्षरांच्या रंगावरून कळायचं. माझा भाऊ रंगांध. आम्ही दोघं मिळूनही बोलणारा ओळखू शकलो नाही. तुमच्या गेममध्ये संवाद असतील तर ओळीआधी नाव लिहा, मागे गडद पट्टी द्या आणि अक्षरं मोठी करायची सोय ठेवा.

पाइपवाला:
दांडा करून पाहिला. कॉक फक्त 18 पिक्सेलचा आहे, त्यामुळे पहिल्यांदा दांडा दिसेचना. 4 पिक्सेल जाड केला तेव्हा उठून आला. मित्राने फिल्टर बंद ठेवून पातळी पार केली. ताई, संवाद आहेत, आणि हो, मीही रंगच वापरले होते. बदलतो.

आता अडचण पाण्याची. चौथ्या पातळीपासून चार वेगवेगळे द्रव पाइपमधून वाहतात. प्रत्येकाला ठिपके, रेघा, लाटा अशी नक्षी दिली, पण ती वाहू लागली की डोळ्यांपुढे नुसतं लखलखतं.

शेडरसम्राट:
नक्षी स्थिर ठेवा, फक्त पाण्याचं टोक पुढे सरकवा.

जुनाखेळाडू:
मग पाणी कुठे वाहतंय आणि कुठे तुंबलंय ते कसं कळणार? मी पाइपच्या तोंडाशी द्रवाची छोटी खूण लावून बघितली असती. पण पाटी गच्च भरली की त्या खुणांचीही गर्दी होते. मित्राला दोन्ही करून दाखवा, तो काय म्हणतो ते इथे लिहा.