मदत हवी आहे: घाटात पोरीला लय उलट्या होतात

दादा-ताईहो, माझी पोरगी आठ वर्षांची आहे, पुढच्या आठवड्यात धारणीहून अमरावतीला लग्नाला जायचंय. सेमाडोहच्या पुढं वळणं चालू झाली की आधी जांभया देते, मग तोंडाला पाणी सुटतं, चेहरा पांढराफट पडतो अन् पिशवी उघडेपर्यंत ओकारी होते. मागच्या चाकावरच्या सीटवर तं विचारूच नका, तिथं बस झोला लय खाते. समोर ड्रायव्हरजवळ बसवलं, रस्त्याकडं पाहायला लावलं, मोबाईल हिसकून घेतला तं बरंच कमी होतं, पण एसटीत समोरची सीट दरवेळी कोण देते बाप्पा?

खायचं म्हणाल तं आलूबोंडा नि तर्री बंद केली. निघायच्या दोन तास आधी अर्धी पोळी नाही तं मुरमुरे देतो, एकदम उपाशी ठेवलं तं पिवळं पित्त पडते.

आता गोळीचं. मागं ओंडानसेट्रॉन दिली होती, काहीच फरक नाही. डॉक्टर म्हणाले ती पोट बिघडलं तं ठीक, गाडी लागण्यावर फारशी चालत नाही. आता प्रोमेथाझिन २५ ची अर्धी गोळी लिहून दिली, निघायच्या एक-दोन तास आधी द्या म्हणाले, उलटी चालू झाल्यावर देऊन उपयोग नाही. झोप येते हेही सांगितलं.

कोणी लेकराला दिली आहे का? झोप कितीक वेळ राहते, लग्नात पोरगी पेंगतच राहीन का? अन् परतीच्या दिवशी पुन्हा दिली तं चालते का? अनुभव असन तं सांगा, डॉक्टरलाही विचारतोच.