बारा कड्यांमधला बाण नेमकं काय सांगतो?

दुसरं वर्ष, तत्त्वज्ञान
बडोद्यात बीए करतेय. वर्गात दहा मिनिटांत प्रतीत्यसमुत्पादाची साखळी, म्हणजे दुःख कशावर अवलंबून उभं राहतं हे सांगणारी बुद्धाची बारा कड्यांची मांडणी, फळ्यावर काढून एका साध्या उदाहरणाने समजवायची आहे. अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाति, जरामरण असे मी बारा चौकोन काढून मध्ये बाण मारलेत. मैत्रीण म्हणते वर्तुळच काढायला हवं. कोणाचं बरोबर? आणि उदाहरण कोणतं घेऊ?

रावपुऱ्यातले निवृत्त मास्तर
आकाराचं नंतर बघू, आधी बाणाचा अर्थ ठरव. बहुतेक मुलं बाणावर 'मुळे' लिहितात, म्हणजे वेदनेमुळे तृष्णा, तृष्णेमुळे उपादान, आणि तिथेच गाडी घसरते. पालीत म्हटलंय, 'इमस्मिं असति इदं न होति', हे नसेल तर ते होत नाही. तेव्हा बाणावर 'याच्याशिवाय नाही' असं लिही. पहिलं आलं की दुसरं आलंच पाहिजे, असं तो बाण म्हणत नाही.

ताडून बघायचं तर अर्हत घे, म्हणजे तृष्णेतून पूर्ण सुटलेला माणूस. सल्लसुत्तात सांगितलंय की जाणत्या माणसालाही शरीराचा बाण लागतो, मनाचा दुसरा बाण मात्र लागत नाही. म्हणजे वेदना आहे आणि तृष्णा नाही. वेदना तृष्णेला जन्म देतेच असं असतं, तर कोणी सुटलंच नसतं.

आता उदाहरण. आमच्या वाड्यात एक कडुनिंब आहे. मे महिन्यात दुपारी तू मोपेड त्याखाली लावलीस आणि संध्याकाळी बसलीस तर सीट गार. कातडी, गार सीट आणि तिची जाणीव एकत्र आली, हा स्पर्श. बरं वाटलं, ही वेदना. उद्याही इथेच लावायची, ही तृष्णा. चार दिवसांनी तोंडातून 'माझी जागा' निघतं, ते उपादान. मग जागा जाऊ नये म्हणून तू दहा मिनिटं लवकर परततेस, कोणी तिकडे वळलं की गॅलरीतून डोकावतेस. हा भव, आयुष्याला लागलेलं वळण. त्यातून 'जागेची मालकीण' जन्मली, ही जाति. आणि गुरुवारी तिथे पाहुण्यांची मोपेड उभी! तुझं काही चोरीला गेलेलं नाही, मोपेड दहा पावलांवर उन्हात आहे, तरी जेवताना घास उतरत नाही. जरामरण आणि शोक.

हीच साखळी आता उलटी वाच. मालकीण नसती तर हे दुःख नसतं, 'माझी' नसतं तर मालकीण नसती. असं मागे जात वेदनेपाशी ये. सावली गारच आहे आणि ती गार लागणारच. जागा रिकामी दिसली तर लावावी, नाहीतर पुढे जावं. वेदना तशीच राहिली आणि साखळी तिथे तुटली. फळ्यावर या एका बाणाला लाल खडू लाव.

वर्तुळवाला
मास्तर, पण चक्र म्हणतात ते उगाच का? अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात भवचक्र, म्हणजे जन्ममरणाचं चाक, रंगवलेलं आहे, तिबेटी चित्रांत तर बारा कड्या चाकाच्या धावेवरच असतात. जरामरणानंतर पुन्हा अविद्या. सरळ रेघ काढली की अविद्या पहिलं कारण ठरते, आणि बुद्धाला पहिलं कारण मान्यच नव्हतं.

रावपुऱ्यातले निवृत्त मास्तर
शेवटचं वाक्य पटलं. मधलं नाही. सुत्तांतल्या नेहमीच्या यादीत जरामरणाकडून अविद्येकडे बाण नाही, यादी शोकावर आणि दुःखावर थांबते. पण अविद्या पहिलं कारण नाही हे दाखवायला चाक लागत नाही. सम्मादिट्ठिसुत्तात अविद्येच्या मागे आसव, म्हणजे मनात खोल मुरलेले मळ, आहेत आणि आसवांच्या मागे पुन्हा अविद्या. शिवाय पारिलेय्यक सुत्तात 'अविद्येच्या स्पर्शातून आलेल्या' वेदनेपासून तृष्णा होते, असं आहे. म्हणजे अविद्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनात बसून राहिलेली नाही, ती ऐन लाल बाणापाशी हजर आहे. मी असतो तर अख्ख्या साखळीखाली फिकट खडूचा पट्टा ओढला असता आणि त्यावर अविद्या लिहिलं असतं.

वर्तुळवाला
पट्टा ठीक. पण मग बाराच्या अकरा झाल्या. परीक्षक मोजतात.

दांडिया बाजारची काकू
मी 10 दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले होते. चौथ्या दिवसापासून गुडघ्यात अशी कळ, विचारू नका. वेदना बघा, वेदना बघा, तेवढंच सांगायचे. तर बाळा, वेदना म्हणजे दुखणं, ते सहन करायला शिकणं हाच अर्थ. त्यात मोपेड कुठून आली?

पेपर तपासणारी
काकू, गुडघ्याचं खरंच आहे, पण गार सीटही वेदनाच. सुखद, दुःखद आणि दोन्ही नाही ती, अशा तिन्ही त्यात येतात. मराठी मुलांची पंचाईत इथेच होते, कारण यातले निम्मे शब्द घरात रोज दुसऱ्याच अर्थाने फिरतात. संस्कार म्हटलं की शुभंकरोती आणि विज्ञान म्हटलं की प्रयोगशाळा. जाति म्हणजे जन्म, पण 'जातिव्यवस्था दुःखाचं कारण आहे' असं लिहून दोन पानं भरलेली उत्तरपत्रिका मी तपासलीय. मुद्दा चुकीचा नव्हता हो, प्रश्न दुसरा होता! फळ्यावर प्रत्येक शब्दाखाली तुझा साधा शब्द लिही: जाणीव, लागणं, हवंसं होणं, धरून बसणं.

मूळ पाठ वाचणारा
मास्तरांच्या उदाहरणावर माझा आक्षेप आहे. विभंगसुत्तात जातीची व्याख्या स्पष्ट आहे: प्राण्यांचा जन्म, स्कंध म्हणजे देहमनाचे घटक प्रकट होणं, आयतनं म्हणजे इंद्रियं मिळणं. तिथे 'मालकीण जन्मली' असलं काही नाही. भाष्यकार बुद्धघोषांनी साखळी तीन जन्मांवर पसरली. पहिल्या दोन कड्या मागच्या जन्मात, मधल्या आठ या जन्मात आणि शेवटच्या दोन पुढच्या. चार दिवसांत बारा कड्या बसवल्या की ऐकायला सोपं जातं, पण मुलांना वाटणार की सगळं मानसशास्त्रच आहे.

रावपुऱ्यातले निवृत्त मास्तर
व्याख्या तशीच आहे, नाकारत नाही. थायलंडच्या बुद्धदास भिक्खूंनी मात्र जाति म्हणजे 'मी'चा जन्म असाच अर्थ लावला आणि तीन जन्मांच्या वाचनावर टीका केली. स्पर्श ते उपादान हा तुकडा माझ्या उदाहरणात शब्दशः बसतो. भव आणि जाति रूपक म्हणून घ्या. तिने तसं वर्गात सांगावं.

मूळ पाठ वाचणारा
रूपक आहे हे सांगितलं तर भांडण नाही. पण मग पहिल्या पाच कड्या उदाहरणात कुठे आहेत?

पेपर तपासणारी
विज्ञान म्हणजे जाणीव आणि नामरूप म्हणजे मन-शरीर, यांच्यात बाण दोन्हीकडून मार. नळकलापी सुत्तात बुद्धाचे शिष्य सारिपुत्त म्हणतात, बोरूच्या दोन जुड्या एकमेकींना टेकून उभ्या असतात, एक काढली की दुसरी पडते. फळ्यावर दोन तिरक्या रेघा काढल्या तरी मुलांना कळतं. बाकी मोपेडमध्ये कोंबू नकोस.

आणि बडोद्यातच आहेस तर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातला देवनी मोरीचा अस्थिकरंडक बघायला मिळतो का विचार. शामळाजीजवळच्या स्तूपातला तो दगडी करंडक, त्यावर प्रतीत्यसमुत्पादाचाच पाठ कोरलेला आहे. नुसती एकामागून एक वाक्यं. ना बाण, ना चाक.

दुसरं वर्ष, तत्त्वज्ञान
ठरलं. दोन जुड्या, पुढे रेघ, वेदनेनंतर लाल बाण, खाली अविद्येचा पट्टा. वर्तुळवाल्यांसाठी अविद्या डावीकडे चौकोनातही लिहीन, म्हणजे बारा भरतील. भव आणि जातीवर 'रूपक' अशी चिठ्ठी. मैत्रिणीला दाखवलं. तिचा प्रश्न असा, की वेदना आणि तृष्णा यांच्यात थांबायला वेळ असतो तरी किती? सीट गार लागली की 'उद्याही' हे त्याच क्षणी मनात येतं.

दांडिया बाजारची काकू
माझ्या गुडघ्यात पाच मिनिटं मिळाली होती. सहाव्या दिवशी. नंतर पुन्हा नाही.

मूळ पाठ वाचणारा
यावर मनाचं क्षणाक्षणाचं विश्लेषण करणारे अभिधम्मवाले आणि ध्यान करणारे अजून वाद घालतायत. वर्गात विचारलं तर सरांकडे बोट दाखव.