शेवटचा आकडा एजंटला सांगू नका

> एजंटला आमची शेवटची किंमत आधीच सांगून ठेवली तर बोलणी सोपी होतील ना?

सोपी होतील, पण त्याला. साधा हिशोब मांडून बघा. घराचे १०० लाख मागताय, अगदीच नाइलाज झाला तर ९४ ला द्याल, आणि ९५ ची ऑफर आली आहे. महिनाभर थांबून ९८ मिळाले तर तुमचे ३ वाढतात. २ टक्के कमिशनवाल्या एजंटचे वाढतात फक्त ०.०६, उलट आज सौदा झाला तर त्याचे १.९० पक्के. त्यात तुमचे ९४ त्याला ठाऊक असतील तर तो समोरच्यापेक्षा तुम्हालाच जास्त समजावत बसेल. तो लबाडच असतो असं नाही, कमिशनची रचनाच तशी आहे.

लेव्हिट आणि सिव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी २००८ च्या अभ्यासात शिकागो परिसरातल्या घरविक्रीची आकडेवारी तपासली. एजंट स्वतःचं घर विकताना जास्त दिवस थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असं त्यात दिसलं.

म्हणून प्रत्येक फेरीला तेवढ्यापुरताच आकडा द्या: ‘९९ सांगा, उत्तर लेखी आणा.’ ऑफर लेखी न दाखवता ‘पार्टी हातची जाईल’ असं दर फोनला ऐकू आलं, तर सावध व्हा. ९५ च्या वरच्या रकमेवर १० टक्के देऊ केलेत तर ९८ ला त्याचे ०.३० वाढतात, मग थांबणं त्यालाही थोडं परवडतं. सही आणि टोकन घेण्याचा अधिकार मात्र स्वतःकडेच ठेवा.