मदत हवी आहे: शेवटच्या वर्षी मशीन विकलं तर तोट्यावरचा कर कसा धरायचा?

ऋता_मांजलपूर

नमस्कार मंडळी. बाबा आणि काका मकरपुरा जीआयडीसीत जॉबवर्कचं वर्कशॉप चालवतात, भागीदारी फर्म आहे. सध्या एक सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, २० लाखांना मिळतंय. घ्यावं की नाही यावर घरात रोज रात्री जेवताना चर्चा होते, आणि मी एम.कॉम. करते म्हणून हिशोबाची शीट माझ्या गळ्यात पडली आहे.

मशीन पाच वर्षं चालवायचं आणि मग विकायचं. तेव्हा सहा लाख येतील असं काका म्हणतात. घसारा घटत्या शिलकीवर १५ टक्के, फर्मचा कर सेस धरून ३१.२ टक्के, डिस्काउंट दर १२ टक्के. पाच वर्षांचा घसारा वजा जाता शिल्लक ८,८७,४११ उरते. विक्री सहा लाख, म्हणजे २,८७,४११ तोटा. त्यावर वाचणारा कर मी असा काढला:

```
=(887411-600000)*31.2%
```

उत्तर ८९,६७२. ते सहा लाखांत मिळवून शेवटच्या वर्षी ६,८९,६७२ रुपये आत येतात असं धरलं. सगळं मिळून एनपीव्ही, म्हणजे आजच्या किमतीतला निव्वळ फायदा, जेमतेम साठ हजार प्लस येतो.

शीट सीएंकडे पाठवली तर त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने फोनवर एवढंच सांगितलं, "मॅडम, मशीनचा तोटा असा मिळत नाही." पुढे रिटर्नची गडबड आहे म्हणून फोन ठेवला. क्लासच्या नोट्समध्ये तर अगदी असंच केलंय. माझं नक्की कुठे चुकतंय?

फायनान्सवेडा

चुकलेलं काही नाही. विक्री किंमत वजा पुस्तकी किंमत, गुणिले कराचा दर. नफा असेल तर कर जातो, तोटा असेल तर कर वाचतो. फक्त सहा लाख जास्त वाटतात. कंपनी कायद्यात सॅल्व्हेज पाच टक्के धरतात, म्हणजे एक लाख धरा.

तिखट_शेव

माझा अनुभव सांगतो. मी इंदूरला सराफ्याजवळ नमकीनचं काम करतो. गेल्या वर्षी तळणीचं जुनं मशीन विकलं. मी ४४एडी मध्ये, म्हणजे उलाढालीवर अंदाजे नफा धरून, रिटर्न भरतो, घसारा आजपर्यंत एक रुपयाही घेतलेला नाही. म्हणजे घेतलं त्याच किमतीला ते अजून उभं आहे ना? मग पूर्ण तोटा मिळायला हवा. ताईंनीही घसारा न घेता ठेवला तर शेवटी मोठा तोटा दाखवता येईल.

बडोदेकर_निवृत्त

ऋता, त्या मुलाने बरोबर सांगितलं, फक्त अर्धंच सांगितलं. मी तीस वर्षं अलेम्बिक रोडच्या बाजूला कारखान्यांचे हिशोब पाहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या आयकरात एकेका मशीनचा वेगळा हिशोब नसतो. १५ टक्क्यांत बसणारी तुमची सगळी यंत्रं, म्हणजे लेथ, ड्रिलिंग, कॉम्प्रेसर आणि हे व्हीएमसी, एकाच ब्लॉकमध्ये जातात. एक मशीन विकलं की आलेले पैसे त्या ब्लॉकच्या शिलकीतून वजा होतात आणि उरलेल्या रकमेवर त्या वर्षीचा घसारा मिळतो. तोटा म्हणून वेगळा आकडा कुठेच उभा राहत नाही. नफ्याचंही तसंच आहे. विक्रीची रक्कम सगळ्या ब्लॉकच्या शिलकीपेक्षा, त्याच वर्षी घेतलेली नवीन यंत्रं धरून, जास्त झाली तरच वरचा भाग करपात्र होतो. क्लासच्या नोट्समधलं गणित परदेशी पाठ्यपुस्तकांतून आलेलं आहे. तिथे प्रत्येक मशीनचं खातं वेगळं असतं.

दुसरी गोष्ट नोट्सवाले हमखास विसरतात. पाचव्या वर्षी मशीन विकलंत तर त्या वर्षीचा घसारा आधी पूर्ण घेऊन मग विक्री लावायची नसते. आधी विक्री वजा, मग घसारा. म्हणून आठ लाख सत्त्याऐंशी हजार हा आकडाच तुझ्या कामाचा नाही. चार वर्षांनंतरची शिल्लक घे.

ऋता_मांजलपूर

काका, चार वर्षांनंतरची शिल्लक १०,४४,०१२ येते. त्यातून सहा लाख वजा केले की ४,४४,०१२. आता याचं काय करायचं?

बडोदेकर_निवृत्त

आता खरा प्रश्न आला. आधी तुझ्या शीटने या ४,४४,०१२ चं काय केलं ते बघ. पाचव्या वर्षीचा घसारा १,५६,६०२ आणि तोटा २,८७,४११, दोन्हींची बेरीज एका रुपयाच्या फरकाने तेवढीच येते. म्हणजे सगळ्या रकमेवर ३१.२ टक्क्यांनी १,३८,५३२ रुपये कर त्याच वर्षी वाचला असं तू धरलंस. ८९,६७२ तोट्याचे आणि बाकीचे शेवटच्या घसाऱ्याचे.

प्रत्यक्षात वर्कशॉप चालू राहिलं तर ही रक्कम ब्लॉकमध्येच पडून राहते आणि दर वर्षी तिच्यातले १५ टक्के झिजतात. पाचव्या वर्षी ६६,६०२ घसारा, म्हणजे २०,७८० रुपये करबचत. पुढच्या वर्षी त्याच्या ८५ टक्के, त्यापुढे आणखी कमी, अशी ती कधीच पूर्ण संपत नाही. १२ टक्क्यांनी पाचव्या वर्षाअखेरची किंमत काढायला २०,७८० ला १.१२ भागिले ०.२७ ने गुण. ०.२७ म्हणजे १२ आणि १५ टक्क्यांची बेरीज. साधारण ८६,२०० येतात. १,३८,५३२ च्या जागी ८६,२००. तुझा एनपीव्ही साठ हजारांवरून तीसच्या आसपास उतरतो, पण प्लस राहतो.

आता वाईट बाजू. व्हीएमसी हेच ब्लॉकमधलं शेवटचं मशीन असेल आणि ते विकून ब्लॉक रिकामा झाला, तर त्या वर्षी घसारा मुळीच नाही. ४,४४,०१२ हा अल्पकालीन भांडवली तोटा होतो. जुन्या कायद्यात हे कलम ५० मध्ये होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, ब्लॉकची रीत तीच आहे. हा तोटा जॉबवर्कच्या कमाईतून वजा होत नाही. तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. फर्मला भांडवली नफा नसेल तर करबचत शून्य. मग एनपीव्ही अंदाजे उणे १८,६०० होतो.

फायनान्सवेडा

शून्य कसं? तोटा तो तोटाच, कधी ना कधी वापरता येईलच की.

बडोदेकर_निवृत्त

मकरपुऱ्यातली छोटी फर्म आठ वर्षांत कशातून भांडवली नफा कमावणार ते सांगा. आणि पाच टक्क्यांचं म्हणाल तर तो आकडा कंपनीच्या ताळेबंदासाठी आहे. उरलेली किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त धरू नये, एवढाच त्याचा अर्थ. ही भागीदारी फर्म आहे. शिवाय आयकराचा घसारा काढताना सॅल्व्हेज आधी वजा करायचंच नसतं. बाजारात मशीनला सहा लाख मिळत असतील तर सहाच धरा.

इंदूरवाले भाऊ, तुमच्यासाठीही वाईट बातमी आहे. ४४एडी मध्ये असलात तरी दर वर्षीचा घसारा तुम्हाला मिळालाच असं कायदा मानतो. तुम्ही तो मागितला नाहीत तरी शिल्लक उतरत गेलेलीच आहे. ऋताला तो सल्ला देऊ नका.

तिखट_शेव

म्हणजे घेतलाही नाही आणि संपलाही. वा! आमच्या वकिलाने हे चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही. असो, माझा धागा वेगळा काढतो.

लेथवाला_गोरवा

मी हिशोबातला माणूस नाही, मशीनचा आहे. जॉबवर्कवाले कधी ब्लॉक रिकामा करतात का? व्हीएमसी गेलं तरी कोपऱ्यात एक कॉम्प्रेसर असतोच. तो ठेवला तर ब्लॉक जिवंत ना?

दुसरं, सहा लाखांवर माझा विश्वास नाही. आधीच सेकंडहँड घेताय, त्यावर अजून पाच वर्षं. स्पिंडल आणि कंट्रोलर धड असेल तर मिळतील. कंट्रोलर बंद पडला आणि त्याचे कार्ड बाजारात मिळेनासे झाले की मशीन किलोच्या भावाने जातं. मी असं एक बघितलंय. क्रेन आणि ट्रेलरचा खर्च विकणाऱ्यानेच दिला होता.

बडोदेकर_निवृत्त

कॉम्प्रेसरचं बरोबर आहे. तो १५ टक्क्यांच्याच ब्लॉकमध्ये असला आणि धंद्यात खरोखर वापरात असला, तर ब्लॉक चालू राहतो. पण धंदा बंद करून नुसता कॉम्प्रेसर ठेवला आणि घसारा मागत राहिलात, तर अधिकारी प्रश्न विचारणारच.

ऋता_मांजलपूर

वर्कशॉपमध्ये आज दोन लेथ, एक मिलिंग आणि कॉम्प्रेसर आहे, म्हणजे ब्लॉक रिकामा होणार नाही. पण गोष्ट अशी आहे की पाच वर्षांनी काकांना निवृत्त व्हायचंय. तेव्हा सगळंच विकतील असं आई म्हणते. शेडसुद्धा. शेड विकून भांडवली नफा झाला तर हा तोटा त्यात वापरता येईल का?

बडोदेकर_निवृत्त

तुझ्या आईने प्रश्न पुढे नेला! येईल, पण शेड आणि जीआयडीसीचा लीज फर्मच्या नावावर असेल तरच. आणि सगळं विकणार असाल तर लेथ-मिलिंगची शिल्लक आणि त्यांची विक्रीही याच हिशोबात येईल. तेव्हा ४,४४,०१२ हा आकडा एकटा राहणार नाही. जुनी यंत्रं घसाऱ्याने जवळजवळ शून्यावर आली असतील आणि भंगारातसुद्धा बरे पैसे देत असतील, तर तोटा कमी होईल. आधी लीज डीड काढून नाव बघ.

फायनान्सवेडा

नवीन मशीन घेतलं तर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा मिळतो, तो कुणी धरलाच नाही.

बडोदेकर_निवृत्त

हे मात्र तुमचं बरोबर. पण हे सेकंडहँड आहे, त्याला तो मिळत नाही. नवीन घेतलं तर सगळी शीटच बदलते. जॉबवर्कला उत्पादन म्हणायचं का, हा वाद तिथे आधी सोडवावा लागेल.

ऋता_मांजलपूर

लीज डीड सापडलं. त्यावर फर्म नाही, आजोबांचं नाव आहे. बाबा म्हणतात नावावर करायचं राहून गेलं. म्हणजे शेडचा नफा फर्मचा होणार नाही, बरोबर ना? काकांनी निवृत्त व्हायचं ठरवलं तर शून्याचा हिशोब धरते, नाहीतर ८६,२०० चा. दोन्ही शीट त्यांच्यासमोर ठेवते.

लेथवाला_गोरवा

तिसरीही ठेव, साडेतीन लाखांच्या विक्रीची.