अनुभव धागा: भट्टीवाले मामा तीन महिन्यांत निवृत्त होताहेत, त्यांच्या डोक्यातलं काढून कसं घ्यायचं?

धागाकर्ता, उद्यमबाग: बेळगावला आमच्याकडे ५०० किलोच्या दोन इंडक्शन भट्ट्या. माल बहुतेक ग्रे आयर्न: पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हच्या बॉड्या, ग्रेड एफजी २६०. भट्टी मामांच्या हातात. स्पेक्ट्रोमीटर आहे, तरी ओतायचं की थांबायचं हे शेवटी मामा पाचरीच्या आकाराचा ओतलेला नमुना, म्हणजे वेज, फोडून ठरवतात. तीन महिन्यांनी ते घरी बसणार. "सगळं लिहून द्या मामा" म्हटलं तर त्यांनी अर्ध्या पानावर चार ओळी दिल्या, त्यातली एक "लोखंड बघून घालणे". ज्यांनी असा माणूस निघताना त्याचं कसब दुसऱ्याच्या हाती आणलंय, त्यांनी नेमकं काय केलं ते सांगावं. नुसतं "डॉक्युमेंटेशन करा" नको.

ओतारी_मच्छे: लिहून मागू नका. ज्याचे हात शिकलेत त्याला लिहिता येत नाही, पण समोर वस्तू ठेवली की बोलता येतं. तुमच्याकडे ती वस्तू आहेच, फुटलेली वेज.

उद्यापासून एकही वेज भंगारात टाकू नका. प्रत्येकीवर ऑइल पेंटने हीट नंबर घाला आणि फुटलेली बाजू समोर येईल अशी फळीवर मांडा. शेजारी त्या हीटचा कागद: टोकाकडून पांढरा भाग किती मिलिमीटर, स्पेक्ट्रोचं कार्बन-सिलिकॉन, टॅपिंगचं तापमान, शेवटचा माल पडल्यापासून टॅपिंगपर्यंत किती मिनिटं गेली, आणि मामांनी त्यावर काय केलं. शेवटचे दोन रकाने कुणी ठेवत नाही. खरा माल तिथंच असतो.

महिनाभरात फळी भरते. मग मामांना घेऊन बसा आणि कागद झाकून विचारा, "हिच्यावर ओतला असता का?" कारण विचारू नका, आधी फक्त हो-नाही घ्या आणि दोन ढीग करा. ढीग झाल्यावर काठावरच्या वेज उचला, एक "हो"तली आणि एक "नाही"तली, आकडे जवळपास सारखे असलेल्या. आता विचारा फरक काय. इथं मामा बोलायला लागतात: पांढऱ्याच्या पुढं चट्ट्यापट्ट्याचा भाग किती लांब गेलाय, मधला दाणा बारीक की भरड, रंग करडा की काळपट. तेवढंच लिहून घ्या, त्यांच्या शब्दांत.

दुसरं काम त्यांचा डबा. तुमचे मामाही लॅडलमध्ये घालायचं फेरोसिलिकॉन, म्हणजे इनॉक्युलंट, डब्यानेच घालत असणार. तो डबा काट्यावर दहा वेळा भरून मोजा. १०० किलोच्या लॅडलला ०.३ टक्के म्हणजे ३०० ग्रॅम लागतं. पण दाणा बारीक आला की त्याच डब्यात जास्त वजन बसतं आणि मामा नकळत डबा थोडा रिता ठेवतात. नवा पोरगा काठोकाठ भरणार.

क्वालिटी_होनगा: एवढं कशाला? सीई मीटर घ्या. कपात लोखंड ओतलं की दोन-तीन मिनिटांत कार्बन इक्विव्हॅलंट स्क्रीनवर. वेज हा जुना जमाना झाला. आणि चिल, म्हणजे वेजचा पांढरा भाग, जास्त आला तर फेरोसिलिकॉन वाढवायचं, एका ओळीची एसओपी. माणसावर अवलंबून राहिलात की हेच होणार.

ओतारी_मच्छे: मीटर घ्यावाच, त्यावर वाद नाही. पण तो काय बघतो ते समजून घ्या. एक हीट सांगतो, अशी महिन्यात एक-दोनदा तरी येतेच.

नेहमीची वेज ४ मिलिमीटर पांढरी. स्पेक्ट्रोवर कार्बन ३.३०, सिलिकॉन १.९५, सगळं नेहमीसारखं. मोल्डिंगला सँड मिक्सर बंद पडला आणि भट्टी भरलेली चाळीस मिनिटं १५०० च्या वर उभी राहिली. परत नमुना घेतला तर कार्बन किंचित उतरलेला, सिलिकॉन किंचित चढलेलं, बेरीज जवळपास तीच. सीई मीटरही "ओके" म्हणतो. वेज मात्र ९ मिलिमीटर पांढरी. ओतलं तर पातळ कडा कडक होऊन मशीन शॉपमध्ये टूल तुटणार.

कारण असं, की ग्राफाइट धरायला लोखंडात बारीक ऑक्साइडचे कण लागतात आणि एवढ्या तापमानात कार्बन ते कण खाऊन टाकतो. लाइनिंगची सिलिकाही त्यातच जाते, म्हणून सिलिकॉन चढतं. रसायन बिघडलेलं नाही, बी मेलंय. स्पेक्ट्रोचा नमुना मुद्दाम पांढरा गोठवलेला असतो, सीई मीटरच्या कपात टेल्युरियम असेल तर तोही पांढराच गोठतो. दोघांनाही हे दिसणार नाही. टेल्युरियम नसलेला साधा कप लावला तर थंड होण्याच्या वक्रात दिसतं, पण तो कप किती ठिकाणी वापरतात?

इथं लॅडलमध्ये फेरोसिलिकॉन दुप्पट केलं तर त्या वेळेपुरती वेज बरी दिसते. पण सगळं विरघळत नाही, मालात कडक खडे राहतात, आणि जाड भागात श्रिंकेजची भानगड होते. जाणता माणूस आधी पॉवर कमी करून तापमान १४५० च्या आसपास आणतो, पाचशे किलोला दहा किलो कोरडा पिग आयर्न टाकतो, विरघळला की लगेच टॅप करतो आणि लॅडलला नेहमीचेच ३०० ग्रॅम. पिग टाकून परत वीस मिनिटं उभं ठेवलं तर उपयोग शून्य. आणि लॅडलमध्ये घातल्यावर दहा-बारा मिनिटांच्या आत शेवटचा साचा भरला पाहिजे, नाहीतर असर उतरतो.

मामांच्या चार ओळींतलं "बघून घालणे" म्हणजे बहुतेक हेच असणार. भट्टीच्या तोंडावर साय धरत नाही, पृष्ठभाग आरशासारखा लख्ख राहतो, तेव्हा लोखंड फार तापलंय. उतरायला लागलं की पापुद्रा धरतो. ते हे बघूनच ठरवतात. या पापुद्र्याचा व्हिडिओ मात्र जरूर करा, शेजारी तापमानाचा आकडा दिसेल असा.

क्वालिटी_होनगा: साध्या कपाचं बरोबर आहे. पण मग दोन्ही कप ठेवले की वेज नको, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे.

ओतारी_मच्छे: दोन्ही कप प्रत्येक हीटला परवडत असतील तर ठेवा. वेज फोडायला पाण्याची बादली आणि हातोडा लागतो.

चिकोडीकर: अहो, एवढा कामाचा माणूस आहे तर जाऊ का देता? निवृत्तीचं वय कागदावर. ग्रॅच्युइटी वेळेवर द्या, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार हा हिशोब त्यांना नीट समजावून सांगा आणि सल्लागार म्हणून परत ठेवा. मन राखलं की माणूस राहतो.

धागाकर्ता, उद्यमबाग: दादा, ते विचारून झालंय. त्यांना गावाकडं शेती बघायची आहे. प्रश्न शिकवण्याचा आहे.

गुळव्याचा_भाचा, हुक्केरी: फाउंड्रीतलं मला कळत नाही, पण आमच्या गुऱ्हाळावर हाच घोळ आहे. गुळव्या म्हातारा झाला, म्हणून थर्मामीटर आणला. ११८ ला काहिल उतरवायची म्हणतात. आडसाली चांगल्या उसाला बरोबर बसतं. पण लोळलेला किंवा खारवट रानातला ऊस आला की त्याच ११८ ला उतरवलेला गूळ वाफ्यात चिकटच राहतो, ढेप धरत नाही. गुळव्या थंड पाण्यात थेंब सोडून बोटांनी गोळी करतो आणि ती भांड्यावर आपटून ऐकतो, मग ठरवतो. आम्ही आता आधण काहिलीत आल्याबरोबर "ऊस कुठल्या रानाचा" हे खडूनं चुलवाणाच्या भिंतीवर लिहितो आणि खाली उतरवतानाचं तापमान. एवढ्यानं पोराला कळायला लागलंय की आकडा कुठं चालतो आणि कुठं चालत नाही. रसाची मळी काढायला भेंडी किती घालायची हे मात्र अजून गुळव्याच ठरवतो. ते कसं मोजायचं, कुणाला माहीत असेल तर सांगा की.

मेंटेनन्स_वाला: रोज घडतं ते बघून शिकता येतं. वर्षात एकदा घडतं ते मामा निघेपर्यंत घडणारच नाही, त्याची वेगळी तयारी ठेवा. थंड भट्टीशेजारी मामा आणि नवा माणूस दोघांना उभं करा आणि एकेक प्रसंग हातवारे करून चालवा. बोलायचं नव्याने, अडवायचं मामांनी.

पहिला प्रसंग ब्रिजिंग. वर भंगार अडकून छत झालंय, खाली लोखंड वितळतंय. मीटरवर किलोवॅट जातंय पण पातळी खाली जात नाही, हीच खूण. नवा माणूस पॉवर वाढवून छत वितळवायला जातो. चूक. खालचं लोखंड बेफाम तापतं आणि लाइनिंग फाडून कॉइलपर्यंत पोचतं. आधी पॉवर बंद, समोरची माणसं बाजूला, मग भट्टी हळू कलती करून वितळलेलं लोखंड छताला लागू द्यायचं, ते भोक पाडतं. वरून पहारीने ठोकायचं नाही.

दुसरा पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडचं उघड्यावरचं भंगार ओलंच असतं. मामा बंद पाइप, दोन्हीकडून मिटलेली नळी, भरलेला शॉकअप असं हातात घेऊन बाजूला टाकतात, ते न बोलता. एक दिवस त्यांच्या बाजूला टाकलेल्या मालाचा ढीग वेगळा ठेवा आणि प्रत्येक तुकड्याला विचारा, "हा का?" त्याचाच फोटो-तक्ता भंगारयार्डात लावा.

भाषेचं काय करताय? तुमचे मामा कन्नड लिहितात की मराठी?

धागाकर्ता, उद्यमबाग: बोलतात दोन्ही, लिहितात कन्नड. नवे दोघे, एक खानापूरचा, एक ओडिशाचा. तिसरी हिंदी.

मेंटेनन्स_वाला: मग नोंदवहीत वाक्यंच ठेवू नका. आकडा, मिलिमीटर, मिनिटं आणि खूण. मामांचे शब्द कन्नडमध्येच रेकॉर्ड करून ठेवा, भाषांतर नंतर. "ಸ್ವಲ್ಪ", म्हणजे "थोडं", ते नेमकं किती, हे मात्र काट्यावर.

शॉप_सुपरवायझर: क्रम आम्ही असा ठेवतो. पहिला महिना मामा चालवतात, नवा माणूस वेज फोडण्याआधी अंदाज लिहितो, किती मिलिमीटर. दुसऱ्या महिन्यात नवा चालवतो, मामा गप्प. पटलं नाही तर लगेच बोलायचं नाही, वहीत लिहायचं, धोका असेल तरच थांबवायचं. संध्याकाळी फक्त त्या ओळींवर बोलणं. तिसऱ्यात मामांना खरोखर सुट्टीवर पाठवा, फोन चालू ठेवून. जो प्रश्न फोनवर दोनदा आला तो शिकवायचा राहिलाय. दुसऱ्या महिन्यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. काही मामा ऐकतच नाहीत, त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

ओतारी_मच्छे: एक राहिलं. वेजचा कोअर बॉक्स. मामांचं "चार मिलिमीटर" हे त्या बॉक्ससाठीच खरं. लाकडी असेल तर झिजून वेजची जाडी बदलते, आणि जाड वेज तेच लोखंड कमी पांढरं दाखवते. मामा हे मनातल्या मनात वळतं करून घेत असणार. ते असतानाच व्हर्नियरने बॉक्स मोजा, ॲल्युमिनियमचा नवा करा आणि आठवडाभर एकाच लॅडलमधून जुन्या-नव्या दोन्ही वेज ओता.

धागाकर्ता, उद्यमबाग: बॉक्स लाकडीच आहे, आणि एका बाजूला पत्रा ठोकलेला. आत्ता मोजून आलो, दोन टोकांना जाडीत दीड मिलिमीटरचा फरक. पत्रा कुणी आणि का ठोकला, हे सोमवारी मामांना विचारतो.